एनईएफटी परत आली, तसं पत्र बँक देत नाही: अर्ज कसा लिहावा?

प्रश्न: बार्शीत माझं साड्यांचं छोटं दुकान आहे. सुरतच्या पार्टीचं १,९०,००० रुपयांचं बिल होतं, दहा दिवसांत पैसे दिले तर दोन टक्के वटाव. मुदत १३ मार्च २०२५ ला संपत होती. १२ तारखेला संध्याकाळी पावणेसहाला १,८६,२०० रुपये एनईएफटी केले, मोबाइलवर ‘यशस्वी’ आलं, तो स्क्रीनशॉट पाठवला. १५ तारखेला बघतो तर पैसे माझ्याच खात्यात परत आलेले. लगेच पुन्हा पाठवले, ते पोचले. आता पार्टी म्हणते, पहिला स्क्रीनशॉट खोटा होता, वटाव विसरा, नाहीतर बँकेचं पत्र आणा. शाखेत गेलो तर म्हणाले, असं पत्र देत नाही, स्टेटमेंट घेऊन जा. काय करू?

उत्तर:

मी बँकेच्या शाखांमध्ये बरीच वर्षं काढली. असे अर्ज घेतले, परतही पाठवले आणि पत्रांवर सह्याही केल्या. त्यामुळे आधी काउंटरच्या आतल्या बाजूची अडचण सांगतो, कारण ती कळली की अर्ज आपोआप नीट लिहिला जातो.

तुम्ही बहुधा असं विचारलं असेल: “माझे पैसे त्यांना मिळाले नाहीत, असं लिहून द्या.” हे वाक्य तुमची शाखा लिहूच शकत नाही. सुरतच्या पार्टीच्या खात्यात काय जमा झालं आणि काय नाही, हे त्यांच्या बँकेच्या दप्तरात असतं. तुमच्या शाखेला फक्त स्वतःच्या दप्तरातलं दिसतं: तुमच्या खात्यातून अमुक दिवशी अमुक रक्कम गेली, ती अमुक खात्याच्या नावे पाठवली, समोरच्या बँकेनं ती अमुक कारण देऊन परत केली आणि ती तुमच्या खात्यात पुन्हा जमा झाली. एवढं लिहून द्यायला अधिकाऱ्याला भीती वाटायचं कारण नाही, कारण यातला प्रत्येक शब्द त्याला पडद्यावर पडताळता येतो. म्हणून बँकेनं तुमच्या बाजूनं साक्ष द्यावी असं मागू नका. तिच्या नोंदींचा उतारा पत्राच्या रूपात मागा. तुमच्या पार्टीला हवं आहे तेही नेमकं यातून मिळतं.

आता ‘यशस्वी’ या शब्दाचं बघू, कारण गैरसमजाचं मूळ तिथं आहे. एनईएफटीचे पैसे त्या क्षणी समोरच्याच्या खात्यात पडत नाहीत. दर अर्ध्या तासाला एक खेप अशा दिवसाच्या ४८ खेपा असतात, आणि १६ डिसेंबर २०१९ पासून त्या रात्रंदिवस, सुटीच्या दिवशीही चालतात. पावणेसहाला तुमचा व्यवहार सहाच्या खेपेत गेला असणार. मोबाइलवरच्या ‘यशस्वी’चा अर्थ एवढाच, की तुमच्या बँकेनं आदेश स्वीकारला आणि पैसे खात्यातून वजा केले. खातं बंद आहे, क्रमांक अस्तित्वातच नाही, खातं गोठवलेलं आहे, अशा कारणानं समोरच्या बँकेला रक्कम जमा करता आली नाही, तर खेप पूर्ण झाल्यापासून दोन तासांत तिनं ती परत पाठवायची असते. तेव्हा तुमचा स्क्रीनशॉट खरा होता आणि पैसे पोचले नाहीत हेही खरं. पार्टीला फोनवर हे समजावत बसू नका. पत्रातल्या तारखा आणि वेळा ते काम करतील.

अर्ज लिहिण्याआधी दोन गोष्टी स्वतः तपासा. या दोन्ही तुमच्या विरुद्धही जाऊ शकतात, म्हणून पत्र हातात येण्याआधीच त्या कळलेल्या बऱ्या.

पहिली, पैसे परत नेमके कधी आले. तुम्ही लिहिता, १५ तारखेला ‘पाहिलं’. पण आले कधी? स्टेटमेंटमधली परतीची ओळ शोधा. तिथं बहुतेक ‘RETURN’, ‘RTN’ किंवा ‘REV’ असं काही लिहिलेलं असतं. तिची नोंदीची तारीख आणि शेजारची व्हॅल्यू डेट दोन्ही बघा आणि मोबाइलवरचे जुने संदेश चाळा. नियमाप्रमाणे रक्कम १२ तारखेलाच रात्री आठ-साडेआठच्या सुमारास परत यायला हवी होती. ती तेव्हाच आली असेल, तर मधले तीन दिवस तुमच्या हातून गेले. धुळवडीच्या गडबडीत संदेश नजरेतून सुटला असेल, समजण्यासारखं आहे, पण बँकेच्या पत्रात १२ तारीखच येणार आणि पार्टी म्हणणार, “मग १३ तारखेला का नाही पाठवले?” त्याचं उत्तर दुसऱ्या तपासणीत आहे.

रक्कम खरोखरच १५ तारखेला जमा झाली असेल, तर उशीर बँकेकडचा. एनईएफटीत रक्कम परत करायला उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेचा रेपो दर अधिक दोन टक्के या दरानं व्याज द्यायचं असतं, आणि ते ग्राहकानं मागण्याची वाट न बघता. मार्च २०२५ मध्ये रेपो ६.२५ टक्के होता, म्हणजे दर ८.२५ टक्के. १,८६,२०० रुपयांवर तीन दिवसांचं व्याज साधारण १२६ रुपये होतं. रक्कम क्षुल्लक आहे, तरी मागा. व्याज जमा झालं की उशीर बँकेकडून झाला हे तिनंच मान्य केल्यासारखं होतं, आणि पार्टीपुढे ठेवायला याहून चांगला कागद नाही.

दुसरी तपासणी खाते क्रमांकाची. पहिल्या वेळी पैसे कोणत्या खात्यावर पाठवलेत आणि दुसऱ्या वेळी कोणत्या? मोबाइल अॅपमध्ये जुनी नोंद राहून गेलेली असते, इकडे पार्टीनं बँक बदललेली असते, हे मी कितीदा पाहिलं त्याला गणती नाही. आता ३ मार्चचं बिल काढा आणि खाली छापलेला खाते क्रमांक बघा. बिलावर बंद झालेलंच खातं छापलेलं असेल, तर चूक सरळ त्यांची आहे. तुम्ही त्यांनी सांगितलेल्या खात्यावर मुदतीच्या आत पैसे पाठवले होते. बिलावर नवा क्रमांक असून तुम्ही जुन्या नोंदीवर पाठवले असतील, तर चूक तुमची आणि वटावावरचा हक्क कच्चा. तरीही पत्राचा उपयोग आहे, कारण निदान खोट्या स्क्रीनशॉटचा डाग त्यानं पुसला जातो. कापड बाजारात ३,८०० रुपयांच्या वटावापेक्षा तो डाग महाग पडतो.

म्हणूनच बँकेच्या पत्रात ज्या खात्यावर पैसे पाठवले तो क्रमांक यायलाच हवा, निदान शेवटचे चार आकडे. लोक रक्कम आणि तारीख मागतात आणि नेमकं हेच मागायचं विसरतात. मग पत्र मिळतं, पण बिलाशी जुळवून दाखवता येत नाही.

आता अर्ज. दुकानाच्या लेटरहेडवर, दोन प्रतींत. मराठीत लिहिलात तरी चालतो. पण उत्तर सुरतला दाखवायचं आहे, म्हणून पत्र इंग्रजीत द्यावं अशी विनंती त्यातच करा, नाहीतर नंतर पुन्हा खेप पडते. खातं दुकानाच्या नावानं असेल तर सही बँकेत नोंदवलेल्या सहीसारखी आणि सोबत दुकानाचा शिक्का. मुनीम किंवा मुलगा अर्ज घेऊन जाणार असेल तर त्याच्या नावाचं अधिकारपत्र जोडा, कारण खात्याची माहिती तिऱ्हाइताच्या हातात द्यायला शाखा नकार देईल आणि तो नकार बरोबर असेल. अर्जात यूटीआर, म्हणजे त्या एनईएफटीचा ओळख क्रमांक, लिहायचा आहे. मजकूर साधारण असा:

> प्रति,
> मा. शाखा व्यवस्थापक,
> ............ बँक, शाखा बार्शी
>
> विषय: दि. १२ मार्च २०२५ रोजीचा एनईएफटी व्यवहार परत आल्याबाबत बँकेच्या नोंदींनुसार लेखी पत्र मिळण्याबाबत.
>
> महोदय,
>
> आपल्या शाखेत आमचे चालू खाते क्र. ............ आहे. दि. १२ मार्च २०२५ रोजी सायं. ५.४५ च्या सुमारास या खात्यातून रु. १,८६,२०० (रुपये एक लाख शहाऐंशी हजार दोनशे फक्त) एनईएफटीने पाठवले होते. यूटीआर क्र. ............ . ही रक्कम नंतर आमच्या खात्यात परत जमा झाली आहे. संबंधित स्टेटमेंटचे पान, दोन्ही नोंदींवर खूण करून, सोबत जोडले आहे.
>
> आमच्या पुरवठादारास देण्यासाठी, आपल्या दप्तरी असलेल्या नोंदींनुसार पुढील तपशील बँकेच्या लेटरहेडवर इंग्रजीत लिहून मिळावा, ही विनंती:
>
> १. रक्कम वजा झाल्याची तारीख, वेळ आणि यूटीआर क्रमांक.
> २. रक्कम ज्या खात्यावर पाठवली त्या खात्याचा क्रमांक (किमान शेवटचे चार अंक) व आयएफएससी.
> ३. समोरच्या बँकेने रक्कम परत करताना कळवलेले कारण.
> ४. रक्कम आमच्या खात्यात परत जमा झाल्याची तारीख, वेळ व परतीचा संदर्भ क्रमांक.
>
> यासाठीचे नियमानुसार शुल्क आमच्या खात्यातून वजा करण्यास आमची संमती आहे. पत्र देणे शक्य नसल्यास त्याचे कारण लेखी कळवावे.
>
> आपला विश्वासू,
> (सही, नाव, दुकानाचा शिक्का, मोबाइल क्रमांक)

या अर्जातल्या दोन जागांबद्दल थोडं बोलतो. ‘आपल्या दप्तरी असलेल्या नोंदींनुसार’ हे शब्द गाळू नका. अधिकाऱ्याचं अर्धं ओझं तेच उतरवतात, कारण मग तो नोंदींपलीकडच्या कशाचीही हमी देत नाही. आणि शेवटचं ‘कारण लेखी कळवावे’ हे वाक्य साधं दिसतं, पण तोंडी नकार द्यायला सोपा असतो आणि लेखी नकार द्यायला अवघड. मी स्वतः खुर्चीत असताना अशा वाक्यामुळे फाइल बाजूला न सारता हातात घेतली आहे.

स्टेटमेंटचं पान जोडताना त्यावर दोन्ही ओळींना पेननं गोल करा. मार्चअखेरीच्या धांदलीत अधिकाऱ्याला तुमचं खातं उघडून शोधायला वेळ नसतो. दोन्ही संदर्भ क्रमांक समोर असतील तर काम दहा मिनिटांचं आहे. लक्षात घ्या, परतीची नोंद हा वेगळा व्यवहार असतो आणि तिला वेगळा क्रमांक असू शकतो. पाठवतानाचा यूटीआर १६ अक्षरी असतो आणि त्याची पहिली चार अक्षरं पाठवणाऱ्या बँकेची असतात. ती नीट बघा. तुमचं खातं छोट्या सहकारी बँकेत असेल आणि ही चार अक्षरं दुसऱ्याच एखाद्या मोठ्या बँकेची असतील, तर तुमची बँक त्या मोठ्या बँकेमार्फत एनईएफटी करते. मग परतीचं कारण तुमच्या शाखेला त्या बँकेकडून मागवावं लागतं आणि पत्राला आठवडा लागला तरी तो टाळाटाळीचा प्रकार नसतो. आपल्याकडे नागरी सहकारी बँकांत खाती असणारे व्यापारी खूप, म्हणून हे मुद्दाम सांगितलं.

अर्ज दिला की दुसऱ्या प्रतीवर पोच घ्या. तीत तारीख, शिक्का, सही आणि घेणाऱ्याचं नाव असावं. नुसता गोल शिक्का पुरेसा नाही, कारण पुढच्या खेपेला “कोणी घेतला?” हाच पहिला प्रश्न येतो. त्याच दिवशी अर्जाचा फोटो बँकेत नोंदवलेल्या तुमच्या ईमेलवरून शाखेच्या ईमेलवर पाठवा आणि पत्र त्याच ईमेलवरही मिळावं असं लिहा. बँकेच्या अधिकृत पत्त्यावरून आलेला मेल तुम्ही पार्टीला जसाच्या तसा पुढे पाठवू शकता. स्क्रीनशॉटवर विश्वास उडालेल्या माणसाला छापील पत्रही बनावट वाटू शकतं. बँकेच्या पत्त्याचा मेल आणि पत्राखाली शाखेचा फोन असेल तर तो स्वतः खात्री करून घेईल.

इथं कुणी म्हणेल, स्टेटमेंट आहे तर पत्राचा हट्ट कशाला? स्टेटमेंटमध्ये परतीचं कारण अर्धवट, कापलेलं असतं आणि ज्या खात्यावर पाठवलं त्याचा क्रमांक बहुधा नसतोच. शिवाय त्या पानावर तुमच्या बाकी पार्ट्यांची नावं आणि रकमा असतात. एका पुरवठादारापुढे दुसऱ्याचे व्यवहार उघडे करणं धंद्यात बरं नाही.

तरीही शाखेनं पत्र देणार नाही असंच म्हटलं, तर मधला रस्ता आहे. १८९१ च्या बँकर्स बुक्स एव्हिडन्स कायद्यानुसार त्या नोंदींची प्रमाणित प्रत मागा. त्यात बँक लिहून देते की ही बँकेच्या नेहमीच्या दप्तरातल्या नोंदीची खरी प्रत आहे, नोंद नेहमीच्या कामकाजात झालेली आहे आणि दप्तर बँकेच्या ताब्यात आहे. खाली अधिकाऱ्याचं नाव, हुद्दा, तारीख आणि सही असते. संगणकावरच्या नोंदींसाठी त्याच कायद्याच्या कलम २ए चं प्रमाणपत्र सोबत लागतं. हा कागद कोर्टातही पुरावा म्हणून चालतो. नमुना ठरलेला असल्यामुळे स्वतः पत्र लिहायला कचरणारा अधिकारीसुद्धा यावर सही करतो. प्रत मागताना फक्त १२ ते १५ मार्च एवढाच कालावधी लिहा, म्हणजे बाकीची पानं येणार नाहीत.

दोन्हीपैकी काहीच मिळालं नाही, तर पोच जोडून बँकेच्या तक्रार विभागाकडे लिहा. तक्रार दिल्यापासून ३० दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे cms.rbi.org.in वर तक्रार करता येते, फुकट. पण एका पत्रासाठी तिथवर जायची वेळ सहसा येत नाही. तक्रार विभागाकडे अर्ज गेला की शाखेला फोन येतो आणि पत्र तयार होतं.

एक इशारा द्यायलाच हवा. तुमचा व्यवहार एनईएफटीचा होता म्हणून गोष्ट सरळ आहे. आयएमपीएस किंवा यूपीआयचा असता, तर मी म्हटलं असतं, पत्राची घाई करू नका. तिथं कधी पैसे वजा होतात, समोरच्या बँकेचं उत्तर वेळेत येत नाही आणि व्यवहार अधांतरी दिसतो. अशा एका व्यवहाराबद्दल ग्राहकाच्या आग्रहापोटी मी ‘व्यवहार अयशस्वी झाला आहे’ असं पत्र त्याच संध्याकाळी देऊन टाकलं होतं. नंतर दोन्ही बँकांचा हिशोब जुळवला तेव्हा कळलं, की रक्कम समोरच्याच्या खात्यात आधीच जमा झालेली होती. माझ्या सहीच्या जोरावर त्या दुकानदारानं दुसऱ्यांदा पैसे पाठवले होते, आणि ते परत मिळवायला त्याला पुढच्या माणसाच्या हातापाया पडावं लागलं. त्यानंतर मी परतीची रक्कम खात्यात जमा झालेली दिसल्याशिवाय असं पत्र दिलं नाही. या दोन्ही प्रकारांत एकाच्या खात्यातून दुसऱ्याच्या खात्यात पाठवलेली रक्कम जमा न झाल्यास व्यवहाराच्या दुसऱ्या दिवसापर्यंत परत यायला हवी. त्यापुढच्या प्रत्येक दिवसाला १०० रुपये भरपाई बँकेनं द्यायची असते.

दुसराही एक प्रकार या पत्रात बसत नाही. खाते क्रमांक चुकला आणि तो दुसऱ्याच कुणाचा तरी चालू क्रमांक निघाला, तर रक्कम तिथं जमा होते, कारण एनईएफटीत जमा क्रमांकावर होते, नाव जुळवून नाही. बँकेच्या दृष्टीनं तो व्यवहार पूर्ण झालेला असतो. तिथं ‘अयशस्वी’ असं पत्र कुणीच देणार नाही. वेगळा अर्ज करून, त्या खातेदाराच्या संमतीनं पैसे परत मागवावे लागतात.

आता तुमच्या पार्टीकडे वळू. पत्र पाठवताना सोबत तीनच गोष्टी ठेवा: ३ मार्चचं बिल, बँकेचं पत्र आणि दुसऱ्या भरण्याचा यूटीआर. बिलावरचा खाते क्रमांक आणि पत्रातला क्रमांक जुळत असेल तर दोन्हींवर खूण करा आणि एवढंच लिहा: “आपण बिलावर दिलेल्या खात्यावर मुदतीच्या आत, १२ तारखेला रक्कम पाठवली होती. ते खाते बंद असल्याने ती परत आली. कृपया वटाव कायम ठेवावा आणि नव्या खात्याचा क्रमांक बिलावर छापावा.” ‘खातं बंद’ हे कारण पत्रात आलेलं असेल तरच ते लिहा. पत्रात दुसरं कारण असेल तर तेच शब्द वापरा. तरीही ते म्हणाले की पैसे आमच्याकडे आलेच नव्हते याची खात्री हवी, तर ती खात्री त्यांची बँकच देऊ शकते. पहिला यूटीआर त्यांना द्या आणि त्यांच्या शाखेत विचारायला सांगा. जुना क्रमांक चुकीनं तुमच्याच अॅपमध्ये राहिला असेल, तर ते मोकळेपणानं लिहा, स्क्रीनशॉट खरा होता हे पत्रानं दाखवा आणि वटाव अर्धा-अर्धा वाटून घ्यायला सुचवा. सुरतच्या पेढ्यांकडून १,९०० रुपयांवर तोडगा निघाल्याचं मी पाहिलं आहे.

आणि आजच अॅपमधून ती जुनी नोंद काढून टाका. नवा क्रमांक घालताना खातेदाराचं नाव पडद्यावर येतं का बघा. १ एप्रिल २०२५ पर्यंत एनईएफटी आणि आरटीजीएससाठी ही सोय द्यायला रिझर्व्ह बँकेनं बँकांना सांगितलेलं आहे. पेढीचं नाव दिसलं की मगच रक्कम टाका.